डॅशबोर्ड किती वेळाने ताजा करायचा: प्रकल्प नोंदी

३ जून

विक्री विभागाकडून मागणी आली आहे: ऑर्डरचा डॅशबोर्ड ‘रिअल टाइम’ करा. सध्या तो दर १५ मिनिटांनी रिफ्रेश होतो आणि तरी आकडे शिळे दिसतात, अशी तक्रार आहे. त्याच आठवड्यात वित्त विभागाकडून उलट दिशेचं पत्र आलं, की स्नोफ्लेकचा, म्हणजे आमच्या क्लाउडवरच्या डेटा वेअरहाऊसचा, खर्च कमी करा. दोन्ही पत्रं एकाच फायलीत लावली.

डॅशबोर्डवर चार प्रकारचे आकडे एकत्र बसले आहेत: जाहिरातींचा खर्च आणि परतावा, वेबसाइटच्या भेटी व त्यातून होणाऱ्या ऑर्डर, गोदामात पॅकिंगसाठी थांबलेल्या ऑर्डर, आणि पेमेंट यशस्वी होण्याचं प्रमाण. चौघांनाही आज एकच वेळापत्रक लागू आहे. कारण एवढंच, की डॅशबोर्ड एक आहे.

सुरुवातीला कोणालाही ‘किती ताजा डेटा हवा?’ असं विचारायचं नाही असं ठरवलं आहे. त्या प्रश्नाला सगळे ‘लगेच’ असंच उत्तर देतात; खर्च त्यांच्या खिशातून जात नाही. विचारायचं ते हे: हा आकडा पाहून शेवटचं काय बदललंत, आणि तो तासभर उशिरा दिसला असता तर काय वेगळं केलं असतं?

५ जून

मुलाखतींआधी सध्याची साखळी तपासली. तीन टप्पे आहेत. ऑर्डरच्या मूळ डेटाबेसमधून बदल उचलून वेअरहाऊसमध्ये आणणं (३ मिनिटं लागतात), तिथे तक्ते तयार करणं (४ मिनिटं), आणि ते तक्ते डॅशबोर्डच्या साठ्यात भरणं (१ मिनिट). तिन्ही दर १५ मिनिटांनी चालतात आणि तिन्हींची वेळ :००, :१५, :३०, :४५ अशीच लावलेली आहे.

एका ऑर्डरचा माग काढला. ऑर्डर १०:०१ ला आली. ती उचलली जाते १०:१५ ला, वेअरहाऊसमध्ये पोचते १०:१८ ला. तक्ते तयार करण्याची १०:१५ ची फेरी तोवर निघून गेलेली असते, त्यामुळे ऑर्डर १०:३० पर्यंत बसून राहते. ते काम संपतं १०:३४ ला. डॅशबोर्डची १०:३० ची फेरीही तोवर होऊन गेलेली; पुढची १०:४५ ला सुरू होऊन १०:४६ ला संपते. म्हणजे ‘१५ मिनिटांच्या’ डॅशबोर्डवर ही ऑर्डर ४५ मिनिटांनी दिसली. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याचं आउटपुट थोडक्यात चुकवतो आहे.

शिळेपणाची तक्रार तर खरी निघाली. पण शेवटचा टप्पा दर मिनिटाला चालवला, तरी १०:०१ ची ऑर्डर १०:३५-३६ च्या आधी दिसणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

उपाय फुकटचा आहे. घड्याळाच्या वेळा काढून टाकायच्या आणि एक टप्पा संपला की दुसरा सुरू करायचा. तीच ऑर्डर मग १०:१८ ला पोचते, १०:२२ ला तक्त्यात येते आणि १०:२३ ला दिसते. विलंब ४५ वरून २२ मिनिटांवर, आणि फेऱ्या तेवढ्याच.

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. टप्पे एकमेकांना जोडले की पहिला अडला तर पुढचे सुरूच होत नाहीत. आधी अशा वेळी जुन्याच डेटावर पुढचे टप्पे निमूट चालायचे आणि डॅशबोर्ड ‘रिफ्रेश झाला’ असं सांगायचा. आता तो थांबेल आणि थांबलेला दिसेल. मला हे बरं वाटतं. पण ‘डॅशबोर्ड बंद पडला’ असे फोन येणार हे सहाय्य विभागाला आधीच सांगून ठेवलं.

९ जून

आज खर्चाचा हिशोब. पैशात न करता क्रेडिटमध्ये, म्हणजे स्नोफ्लेकच्या आकारणीच्या एककात केला, कारण दर करारागणिक वेगळा असतो.

स्नोफ्लेकमध्ये क्वेरी चालवणाऱ्या यंत्रणेलाही ‘वेअरहाऊस’च म्हणतात, आणि इथून पुढे तोच अर्थ. आमचं वेअरहाऊस ‘स्मॉल’ आहे: चालू असताना तासाला २ क्रेडिट, म्हणजे दिवसभर चालू राहिलं तर ४८. आकारणी सेकंदावर होते, पण वेअरहाऊस जागं झालं की किमान ६० सेकंदांचे पैसे लागतातच. काम संपल्यावरही ते लगेच झोपत नाही. `AUTO_SUSPEND` मध्ये जितके सेकंद लिहिलेत तितका वेळ ते रिकामं जागं राहतं आणि त्याचंही बिल होतं. आमच्याकडे तिथे ६०० आहे. कोणी विचार करून लिहिलेलं नाही. वेअरहाऊस तयार करताना काही दिलं नाही की तेच बसतं.

एका फेरीत तक्त्यांची ४ आणि डॅशबोर्डचं १ अशी ५ मिनिटं काम. त्यानंतर १० मिनिटं नुसती वाट पाहणं. बेरीज १५ मिनिटं, आणि फेरी दर १५ मिनिटांनी. म्हणजे हे वेअरहाऊस झोपायला जातं तेवढ्यात पुढची फेरी त्याला उठवते. दिवसाला पूर्ण ४८ क्रेडिट.

याचा अर्थ गमतीचा आहे. या सेटिंगवर दर १५ मिनिटांऐवजी दर ५ मिनिटांनी रिफ्रेश केलं, तरी खर्च ४८ च राहतो. कोणीतरी पूर्वी ‘वारंवारता वाढवून पाहिली, बिल वाढलं नाही’ असं लिहून ठेवलं आहे ते यामुळेच. वाढणार कुठून, आधीच छताला टेकलेलं होतं.

आता `AUTO_SUSPEND` ६० सेकंद धरला, तर एका फेरीला ५ अधिक १ अशी ६ मिनिटं पडतात. दर ५ मिनिटांनी चालवायचं तर वेअरहाऊस तरीही कायम जागं, म्हणजे ४८. दर १५ मिनिटांनी तासात २४ मिनिटं, दिवसाला १९.२ क्रेडिट. दर तासाला एकदा, ४.८. दिवसातून एकदा, ०.२.

पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत हे महत्त्वाचं. दैनंदिनवरून तासावर येताना साडेचारच्या थोडे वर क्रेडिट वाढतात. तासावरून १५ मिनिटांवर येताना चौदाच्या वर. आणि फेरीचा कालावधी ६ मिनिटांच्या आत आला, की पुढे ‘रिअल टाइम’पर्यंत या वेअरहाऊसचा खर्च सारखाच. अर्थात खऱ्या रिअल टाइमला हे वेअरहाऊस पुरणारच नाही. ४ मिनिटांचं काम दर मिनिटाला करता येत नाही. त्यासाठी तक्ते फक्त नव्या ओळींपुरते अद्ययावत होतील असे पुन्हा लिहावे लागतील, उशिरा येणाऱ्या दुरुस्त्या वेगळ्या हाताळाव्या लागतील, आणि रात्री काही अडलं तर उठायला माणूस लागेल. हा खर्च क्रेडिटच्या हिशोबात दिसत नाही.

आज एवढं बदललं:

```sql
ALTER WAREHOUSE bi_wh SET AUTO_SUSPEND = 60;
```

१२ जून

सेटिंग बदलून बिल उतरलं नाही. `WAREHOUSE_METERING_HISTORY` पाहिलं (हा तक्ता स्वतः ३ तासांपर्यंत मागे असतो, आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही). मध्यरात्रीनंतरही प्रत्येक तासाला २ क्रेडिट, सरळ रेषेत. म्हणजे वेअरहाऊस झोपतच नाही.

`QUERY_HISTORY` मध्ये पहाटेच्या ओळी काढल्या. दर मिनिटाला एकच क्वेरी, एकाच खात्यावरून, प्रत्येकी दोन-तीन सेकंदांची. खातं गोदामाच्या हॉलमधल्या भिंतीवरच्या स्क्रीनचं निघालं. त्यावर डॅशबोर्डचं पान दर मिनिटाला आपोआप लोड होतं. त्या पानावरच्या बाकीच्या टाइल, म्हणजे आकड्यांच्या चौकटी, डॅशबोर्डच्या साठ्यातून वाचतात, त्यामुळे त्यांचा काही त्रास नाही. पण ‘आत्ता रांगेत किती’ ही एक टाइल थेट वेअरहाऊसला विचारते. मिनिटाला एक प्रश्न आणि झोपण्याची मुदत ६० सेकंद: डोळा लागायला वावच नाही. हॉलमध्ये रात्री माणूस नसतो.

क्वेरी तीच असेल आणि खालचा डेटा बदललेला नसेल, तर स्नोफ्लेक आधीचंच उत्तर साठ्यातून देतं आणि वेअरहाऊसला हात लावत नाही. इथे तसं झालं नाही, कारण टाइलच्या कोपऱ्यात ‘शेवटचे अपडेट’ दाखवायला क्वेरीत `CURRENT_TIMESTAMP()` घातलं होतं. त्यामुळे प्रत्येक क्वेरी नवी ठरते. शिवाय ते दाखवतं काय, तर क्वेरी कधी चालली. डेटा तासाभरापूर्वीचा असला तरी कोपऱ्यात आत्ताची वेळ. लोकांना ताजेपणाचा भास याच कोपऱ्याने दिला होता.

टाइल साठ्यावर वळवली. रात्रीची रेषा दुसऱ्या दिवशी तुटक झाली.

१७ जून

मुलाखती झाल्या. चार गट, चार वेगळी घड्याळं.

जाहिरात विभाग: बजेट दिवसातून एकदा, सकाळच्या बैठकीत हलवतात. मधल्या काळात हलवायची परवानगीच नाही, वरिष्ठांची सही लागते. त्यांचा डेटाही जाहिरात प्लॅटफॉर्मकडून आपण रात्री एकदाच आणतो, आणि मागच्या काही दिवसांचे आकडे प्लॅटफॉर्म नंतरही सुधारत राहतो. म्हणजे आजवर एकच आकडा दिवसाला ९६ वेळा तसाच्या तसा पुन्हा भरला जात होता. निर्णय: दिवसातून एकदा, बैठकीच्या आधी. यावर वाद झाला नाही.

गोदाम: इथे मात्र बराच वेळ बसलो. पर्यवेक्षक म्हणाले, “मला मिनिटाचं कळून करायचंय काय? माणूस या टेबलावरून त्या टेबलावर हलवला की तो रुळायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात.” ते दर दोन तासांनी, १० ला, १२ ला, २ ला रांगा पाहतात आणि माणसं हलवतात. त्यांची खरी अडचण वेगळी होती: १० वाजता पाहिलेला आकडा कधी ९:१५ चा असतो तर कधी ९:३० चा, आणि कोणता आहे ते कळत नाही. त्यांना हवी ती खात्री, की १० वाजता दिसेल तो आकडा ९:४० च्या आसपासचा असेल, रोज.

मग त्यांनी आपणहून एक अपवाद सांगितला. संध्याकाळी ५ ला गाडी निघते. ३ ते ५ मध्ये कोणत्या ऑर्डर आज जातील आणि कोणत्या उद्यावर ढकलायच्या हे ठरतं. तेव्हा ते टेबलावरून टेबलावर माणसं हलवत नाहीत; पॅकिंगचा क्रम बदलतात, आणि तो पाच मिनिटांत बदलतो. त्या दोन तासांत तासाभराचा जुना आकडा कामाचा नाही.

म्हणजे एकाच टाइलला दिवसभर एकच वारंवारता असण्याची गरज नाही. निर्णय बदलायला जितका वेळ लागतो, त्याच्या बऱ्याच पटीने ताजा डेटा देऊन काही हाती लागत नाही. आणि तो वेळ दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो.

वेळापत्रक असं ठरवलं: सकाळी ७ ते रात्री ८ दर तासाला एक फेरी, मूळ डेटा :४० ला उचलायचा, म्हणजे :४८ पर्यंत टाइल तयार. ३ ते ५ मध्ये दर १५ मिनिटांनी. एकूण १४ अधिक ६, अशा २० फेऱ्या. प्रत्येकी ६ मिनिटं धरून २ तास, म्हणजे ४ क्रेडिट. पूर्वी ४८ होते.

(हे पॉवर बीआयवर असतं तर प्रो परवान्यात दिवसाला ८ च नियोजित रिफ्रेश मिळाले असते, प्रीमियममध्ये ४८. तिथे हा प्रश्न निर्णयावरून न सुटता परवान्यावरून सुटला असता.)

१९ जून

विक्रीच्या मॅडमशी बैठक. मूळ मागणी त्यांचीच. त्यांचा मुद्दा ठोस होता: गेल्या महिन्यात सकाळी भेटींतून ऑर्डर होण्याचं प्रमाण अर्ध्यावर आलेलं दिसलं, सवलत जाहीर करायची तयारी सुरू झाली, आणि दुपारी प्रमाण आपोआप ठीक झालं. त्यांच्या मते डेटा संथ होता म्हणून हे झालं.

मी त्या वेळेच्या नोंदी काढून पाहिल्या. कारण दोन डेटांचा वेग वेगळा असणं हे होतं. भेटी जवळजवळ लगेच येतात. ऑर्डर मागून येतात. समजा तासाला ६०० भेटी आणि १८ ऑर्डर, म्हणजे ३ टक्के. १०:५० ला पाहिलं, तर १० पासूनच्या ५०० भेटी मोजल्या गेल्या. ऑर्डर मात्र १०:३० पर्यंतच्याच, म्हणजे ९. भागाकार १.८ टक्के. धंद्यात काहीही घडलेलं नाही. भेटींचा डेटा आणखी वेगवान केला असता तर प्रमाण आणखी पडलेलं दिसलं असतं.

दोन्ही बाजू एकाच वेळेपर्यंत कापल्या, १०:३० पर्यंत, की ३०० भेटी आणि ९ ऑर्डर: ३ टक्के. कापायची वेळ अशी काढतो:

```sql
SELECT MIN(loaded_upto) AS data_upto
FROM load_log_latest
WHERE source IN ('visits', 'orders');
```

इथे शेवटच्या ऑर्डरची वेळ घेतली नाही, हे मुद्दाम. पहाटे तासभर ऑर्डरच आली नाही तर शेवटची ऑर्डर तासापूर्वीची असते, पण डेटा अपुरा नसतो. म्हणून डेटा भरणाऱ्या कामाने ‘इथपर्यंतचं सगळं उचललं’ अशी जी वेळ स्वतः नोंदवली, तीच खरी मानायची. आता प्रत्येक टाइलच्या कोपऱ्यात हीच वेळ दिसेल: ‘डेटा १०:३० पर्यंतचा’.

कापलेला आकडा त्यांना दाखवला. मॅडम थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग मला तासाचा चालेल. पण असं खोटं लाल दिसायला नको.” महसुलाच्या टाइलवरचा लाल बाणही त्याच रांगेतला. तो दुपारी ४ पर्यंतचा आजचा दिवस कालच्या पूर्ण दिवसाशी ताडून पाहत होता. आता गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या त्याच वेळेशी ताडतो. महिन्याच्या हिशोबाचा महसूल मात्र दिवसातून एकदाच, परत आलेल्या मालाच्या नोंदी रात्री लागल्यानंतर.

२४ जून

उरलं पेमेंट. इथे मिनिटांचा प्रश्न खरा आहे. पेमेंट अडकलं की प्रत्येक मिनिटाला ग्राहक जातो, आणि करण्यासारखं काम हाताशी असतं: दुसऱ्या गेटवेवर वाहतूक वळवायची. तांत्रिक विभाग म्हणाला, तर मग निदान ही टाइल तरी रिअल टाइम करा.

केली नाही. डॅशबोर्ड उघडल्याच्या नोंदी पाहिल्या: ही टाइल असलेलं पान सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, मध्ये क्वचित. टाइल दर सेकंदाला ताजी असली, तरी तिच्याकडे पाहणारा माणूस दिवसातून दोनदा येतो. ज्या निर्णयाला मिनिटं महत्त्वाची आहेत, तिथे माणसाने आकड्याकडे जाण्याची वाट न पाहता आकड्याने माणसाकडे जावं लागतं. म्हणून इशारा.

तो वेअरहाऊसमधून न काढता थेट पेमेंट सेवेच्या लॉगवरून काढला, कारण वेअरहाऊसच्या साखळीतून यायचा तर तो २२ मिनिटांनी आला असता. नियम: मागच्या १० मिनिटांत किमान ३० प्रयत्न झाले असतील आणि यशाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली असेल, तर कामावरच्या माणसाला फोन. किमान ३० ची अट रात्रीसाठी. चार प्रयत्नांत दोन फसले की ५० टक्के, आणि तेवढ्यावर माणसाला उठवलं तर दोन रात्रींत तो फोन बंद करून झोपेल. पण मग रात्री गेटवे खरंच बंद पडला तर कळणार कसं? त्यासाठी वेगळा नियम जोडला: प्रयत्न कितीही कमी असोत, लागोपाठ ८ फसले आणि मध्ये एकही यशस्वी नाही, तर इशारा.

डॅशबोर्डवरची टाइल ठेवली, पण तासाची. घटना होऊन गेल्यावर किती वेळ आणि किती नुकसान हे पाहायला ती पुरते.

८ जुलै

नवं वेळापत्रक पूर्ण लागू आहे. बदल विभागप्रमुखांना सांगितला होता. बाकीच्यांना फक्त कोपऱ्यातली वेळ दिसते. तक्रारी दोन आल्या. पहिली अपेक्षित: साखळी एकदा अडली आणि कोपऱ्यात सकाळची वेळ तशीच राहिली, ती गोदामाने कळवली. पूर्वी हे कोणाच्या लक्षात आलं नसतं.

दुसरी ग्राहक सेवेकडून, ज्यांना मी भेटलोच नव्हतो, कारण वापराच्या नोंदीत ते गोदामाच्या खात्याने दिसत होते. ग्राहकाचा फोन आला की ते रांगेच्या टाइलमधून खाली जाऊन ती एक ऑर्डर शोधायचे. त्यांना वेगवान डॅशबोर्ड नको आहे, एका ऑर्डरची आत्ताची स्थिती हवी आहे. ती मूळ प्रणालीत असते आणि तिथे क्षणात मिळते. त्यांना फक्त तिथे पाहण्याचा अधिकार नव्हता. तो मागितला आहे.

वेअरहाऊस दिवसाला सरासरी ५ क्रेडिटच्या आसपास आहे. हिशोब ४ चा होता. वरचं एक कुठून येतं ते बऱ्यापैकी कळलं आहे: विश्लेषक दिवसभर अधूनमधून स्वतःच्या क्वेरी याच वेअरहाऊसवर चालवतात, आणि दोन सेकंदांच्या क्वेरीलाही जागं होण्याचा किमान मिनिट लागतो. त्यांना वेगळं एक्स-स्मॉल द्यायचं की फेऱ्यांच्या जवळपास काम करायला सांगायचं, हे त्यांच्याशी बोलून ठरेल.

उघडा मुद्दा एक: सणासुदीच्या विक्रीत गाडी दिवसातून तीनदा निघते. तेव्हा १५ मिनिटांच्या खिडक्या तीन होतील. गाड्यांच्या वेळा गोदामाकडून आधी लेखी घ्यायच्या, आणि विक्री संपल्यावर त्या खिडक्या काढायची तारीख तिथेच लिहून ठेवायची.